थोडक्यात आप्पा

आप्पांना ‘कसं काय?’ विचारलं की ते ‘बरं’ म्हणतात. ‘बरं आहे’ म्हणत नाहीत. त्यांच्या मते ‘बरं’मध्ये ‘आहे’ आलंच, नसतं तर उत्तर द्यायला माणूस जागेवर नसता. एका परिचिताच्या शोकसभेत त्यांना दोन शब्द बोलायला सांगितलं, तर ते खरोखर दोनच शब्द बोलून खाली बसले. ‘उधारी ठेवली नाही’ म्हणायचं होतं, पण तीन होतात म्हणून ‘बेबाक गेले’ म्हणाले. घरच्या मंडळींनी रागवायचं की नाही हे तेरावं होईपर्यंत ठरलं नाही. मग मोठ्या मुलानेच सांगितलं की वडिलांबद्दल यापेक्षा खरं कुणी बोललं नव्हतं.

सुरतेतली आमची वस्ती म्हणजे लिंबायत, उधना, डिंडोली, पांडेसरा. जळगाव, धुळे, नंदुरबारहून ताप्तीच्या गाडीने आलेली माणसं इथे मागांवर, डाइंगच्या मिलांत, मार्केटच्या गोदामांत लागली आणि राहिली. महानगरपालिकेच्या मराठी शाळा आहेत, गणपती आहेत, भरताची वांगी आहेत. बोलणं मात्र अघळपघळ. गाडीला उशीर झाला एवढं सांगायला माणूस अमळनेरच्या सोयरिकीपासून सुरुवात करतो. अशा वस्तीत आप्पांसारखा माणूस कसा तयार झाला याचा मी पुष्कळ विचार केला. उत्तर अमळनेरातच सापडतं. तिथे प्रताप शेठजींची कापडगिरणी होती आणि त्याच शेठजींनी १९१६ साली तत्त्वज्ञान मंदिरही उभं केलं. आप्पांचे वडील गिरणीत होते, आणि गल्लीतले एक म्हातारे तत्त्वज्ञान मंदिरात ऊठबस असलेले. म्हणजे पोराच्या एका कानात सूत आणि दुसऱ्या कानात न्यायशास्त्र. पुढे आप्पा सुरतेला येऊन धागा तपासायच्या लॅबमध्ये लागले, आणि दोन्ही कानांतलं एकत्र झालं.

त्या म्हाताऱ्यांनी त्यांना एक गाय शिकवली होती. न्यायशास्त्रात व्याख्येचे तीन दोष सांगतात आणि तिन्ही गाईवर समजावतात. ‘गाय म्हणजे तांबूस जनावर’ म्हटलं तर पांढरी गाय बाहेर राहते, ही अव्याप्ती. ‘गाय म्हणजे शिंगं असलेलं जनावर’ म्हटलं तर म्हैस, बकरी सगळी आत घुसतात, ही अतिव्याप्ती. आणि ‘गाय म्हणजे एकसंध खुराचं जनावर’ म्हटलं तर एकही गाय सापडत नाही, कारण गाईचा खूर दुभंगलेला; हा असंभव. आप्पांनी ही गाय आयुष्यभर दोरीला धरून फिरवली. भाजीवाला ‘ताजी मेथी’ म्हणाला तर आप्पा विचारणार, ‘ताजी म्हणजे कधीची?’ आणि तो ‘सकाळची’ म्हणाला की पुन्हा, ‘कुठल्या सकाळची?’

घरात काकू आहेत. काकूंना आप्पांच्या या खोडीचा उपद्रव सर्वांत जास्त आणि धाक सर्वांत कमी. एकदा गावाकडून आलेल्या पाहुण्यांनी लोचो म्हणजे काय विचारलं. आप्पा म्हणाले, ‘खमण व्हायचं राहिलेलं पीठ.’ काकूंनी आतून ताट आदळलं. ‘नाही काय ते सांगता, आहे काय ते सांगा. मी तुमची ओळख “डॉक्टर व्हायचे राहिलेले” म्हणून करून दिली तर चालेल?’ आप्पा गप्प झाले. काकूंचा मुद्दा बिनतोड होता, नकारातून केलेली व्याख्या दुबळी असते. रात्री त्यांनी सुधारून आणली: ‘हरभराडाळीचं वाटलेलं पीठ वाफवून, सैल असतानाच तेल, शेव, कांदा घालून खायचा सुरती पदार्थ.’ काकू म्हणाल्या, ‘आता खाता येईल.’

हे सगळं मी सांगतोय ते उधन्यातल्या एका खासगी प्रशिक्षणवर्गाच्या पुस्तिकेमुळे. मागावर नव्याने येणाऱ्या मराठी मुलांसाठी त्यांना खिशात मावेल अशी पुस्तिका काढायची होती, आणि तिच्या शेवटी शब्दसूची. वर्गावर शिकवणारे इंजिनिअरसाहेब तरुण, हुशार आणि मनापासून शिकवणारे. त्यांनी प्रत्येक संज्ञेवर पानभर लिहून दिलं होतं. मराठी शाळेतून निवृत्त झालेला म्हणून मराठीची जबाबदारी माझ्याकडे आली, आणि पानाच्या दोन ओळी करायची जबाबदारी, साहजिकच, आप्पांकडे.

आप्पांनी पहिल्याच दिवशी कामाची रीत सांगितली. सूचीतली नोंद वाचणारा उभा असतो, बसलेला नसतो. माग चालू आहे, शेजारचा कारागीर काहीतरी बोलला, शब्द कळला नाही, पोरगा खिशातून पुस्तिका काढतो. त्याला एक वाक्य मिळालं पाहिजे, फार तर दोन. पहिल्या वाक्यात ती वस्तू काय आहे, ती कुठल्या जातीची आणि त्या जातीतल्या इतरांहून वेगळी कशी. दुसरं वाक्य असेलच तर त्यात एकच गोष्ट: जी माहीत नसल्याने पोरगा चुकेल ती. बाकी सगळं पुस्तकात. ‘आणि “इत्यादी” कुठेही नाही,’ ते म्हणाले. ‘इत्यादी म्हणजे लिहिणाऱ्याला पुढचं आठवलं नाही.’

आधीची एक जुनी सूची वर्गात होती. तिच्यात ‘ताणा: बाण्याच्या विरुद्ध दिशेचे धागे’ असं होतं, आणि ‘बाणा: पाहा ताणा’. आप्पा ती सूची काकूंनासुद्धा वाचून दाखवत. पोरगा ताण्यावरून बाण्यावर जाणार, बाण्यावरून ताण्यावर येणार आणि जेवणाची सुट्टी संपणार. आप्पांनी आधी ठरवलं की दोघांतलं कोण स्वतःच्या पायावर उभं राहील. मागावर ताणा आधी असतो, बीमवर गुंडाळून, लांबीत ताणून ठेवलेला. म्हणून त्याची व्याख्या बाण्याचं नाव न घेता झाली: ‘कापडाच्या लांबीत जाणारे, मागावर आधीच ताणून बसवलेले धागे.’ मग बाणा त्याच्यावर टेकला: ‘ताण्यातून आडवा ओवला जाणारा धागा.’ टेकायचं तर एकाच बाजूने टेकायचं, हा त्यांचा नियम. उधन्यात याचा इतका बोलबाला झाला की दोन भाऊ एकमेकांकडे उधार मागू लागले तर लोक ‘ताणा-बाणा चाललाय’ म्हणू लागले.

पण खरी लढाई ‘डेनियर’वर झाली. सुरतेत डेनियरशिवाय पान हलत नाही. रिंग रोडच्या मार्केटात व्यापारी ‘पंच्याहत्तर छत्तीस’ म्हणतो, म्हणजे ७५ डेनियरचा, ३६ फिलामेंटचा पॉलिएस्टर धागा, आणि समोरच्याला सगळं कळतं. फक्त नव्या पोराला कळत नाही.

इंजिनिअरसाहेबांचं पान सुंदर होतं. त्यात रेशमाचा इतिहास होता: पूर्वी ४५० मीटर रेशमाची लडी घ्यायची आणि ती ०.०५ ग्रॅमच्या किती वजनांइतकी भरते ते मोजायचं. ०.०५ ग्रॅमची २० वजनं म्हणजे १ ग्रॅम, आणि ४५०ची २० पट म्हणजे ९०००. म्हणून आजच्या मापात ९००० हा आडमुठा आकडा आला. मला हे फार आवडलं. आप्पांनी ते वाचलं, ‘वा’ म्हणाले आणि आडवी रेघ मारली. साहेबांचा चेहरा उतरला. आप्पा म्हणाले, ‘हे खोटं नाही म्हणून काढलं नाही, साहेब. हे न कळल्याने एकही ताका खराब होत नाही म्हणून काढलं.’

मग त्यांनी वर्गात नव्याने आलेल्या शिरपूरच्या पोराला बोलावलं. या पोराचं काम एकच: नोंद वाचायची आणि त्याप्रमाणे वागून दाखवायचं. आप्पांना समजलं की नाही विचारण्यावर भरवसा नाही. समजलं तर पोरं मान हलवतात आणि नाही समजलं तरीही हलवतात.

पहिला मसुदा माझा होता: ‘डेनियर म्हणजे धाग्याची जाडी.’ मला वाटलं, याहून थोडक्यात काय होणार? आप्पांनी दोन धागे टेबलावर ठेवले, दोन्ही ७० डेनियरचे, एक नायलॉनचा आणि एक पॉलिएस्टरचा. भिंगाखाली नायलॉन जाडसर दिसला. नायलॉनची घनता १.१४, पॉलिएस्टरची १.३८, तेवढ्याच लांबीत तेवढंच वजन भरायचं तर हलक्या नायलॉनला जागा जास्त लागते, आणि त्याचा व्यास साधारण दहा टक्के जास्त होतो. म्हणजे डेनियर जाडी मोजतच नाही. तो अमुक लांबीत किती माल आहे ते मोजतो. जाडी हा त्याचा परिणाम, तोही एकाच जातीचे धागे शेजारी ठेवले तरच खरा.

दुसरा मसुदा साहेबांनी चिडून दिला: ‘डेनियर म्हणजे धाग्याचं ग्रॅममधलं वजन.’ पोराने शांतपणे कोपऱ्यातला भरलेला कोन उचलला, तराजूवर ठेवला आणि म्हणाला, ‘दोन हजार डेनियर.’ आप्पांना इतका आनंद झाला की त्यांनी पोराला चहा पाजला. लांबी न सांगितल्याने जगातलं प्रत्येक वजन आत आलं होतं. शिंगवाली म्हैस.

तिसऱ्या मसुद्यात लांबी आली: ‘९००० मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन.’ आता ते खरं होतं आणि पूर्णही. साहेब उठून उभे राहिले, मी पेन बंद केलं. पोरगा बसूनच होता. म्हणाला, ‘माले समजनं नही, आप्पा. नऊ किलोमीटर धागा कथा मोजू?’ नऊ किलोमीटर म्हणजे उधन्याहून सुरत स्टेशन गाठून जवळपास परत. प्रत्यक्षात लॅबमध्ये रीलवर ९० मीटरची लडी गुंडाळतात, बारीक काट्यावर तोलतात आणि १०० ने गुणतात, लडी ०.७५ ग्रॅम भरली तर धागा ७५ डेनियरचा. साहेब म्हणाले, मग हेच घालू की. आप्पा बराच वेळ बोलले नाहीत. मग नाही म्हणाले. मोजायचं कसं ही कृती आहे आणि ती पुस्तकाच्या पोटात आहे. मागावरच्या पोराला धागा मोजायचा नाही. त्याला डब्यावरचा आकडा वाचायचा आहे. ‘त्याला काय चुकू शकतं ते शोधा.’

चूक शोधायला फार लांब जावं लागलं नाही. त्या पोराचा बाप गावाकडे सुती धाग्यावर काम करायचा आणि त्याच्या घरी ‘काउंट’ चालायचा. काउंट उलट्या दिशेने चालतो. एक पौंड सुतात ८४० यार्डांच्या किती लड्या बसतात तो आकडा म्हणजे काउंट. जितक्या जास्त लड्या बसतील तितकं सूत बारीक. म्हणजे काउंट वाढला की सूत बारीक आणि डेनियर वाढला की धागा भरड. एकातून दुसरं काढायचं तर ५३१५ या आकड्याला भागायचं. ७५ डेनियर म्हणजे सुमारे ७१ काउंट.

इथे आप्पांनी टेबलावर थाप मारली. ‘म्हणूनच कुणाला कळत नाही!’ आम्हाला तर काहीच कळलं नव्हतं. त्यांनी कागदावर मांडून दाखवलं. दोन्ही आकडे ७३ च्या आसपास एकमेकांना भेटतात. सुरतेत सगळ्यात जास्त कानावर पडणारा आकडा ७५. तेव्हा पोरगा डेनियरला काउंट समजून बसला तरी ७५ वर त्याचं काही चुकत नाही. महिना-दोन महिने तो समजून चालतो की आपल्याला आलं. मग एक दिवस १५० डेनियरचा डबा येतो. तो त्याला दुप्पट बारीक समजतो, प्रत्यक्षात तो ३५ काउंटचा भरड धागा असतो. आणि ३० डेनियरचा आला तर भरड समजून दणकट ताण देतो, तो असतो १७७ काउंटचा, आणि मागावर पटापट तुटतो. ‘चूक जिथे लपते तिथे दुसरं वाक्य,’ आप्पा म्हणाले. मला त्यांच्या बोलण्यात इतकी क्रियापदं पहिल्यांदाच ऐकू आली.

साहेब मात्र आता शास्त्रावर आले. हवेतला ओलावा धाग्याच्या वजनात धरायचा की नाही? शास्त्रशुद्ध व्याख्येत प्रमाणित आर्द्रता पाहिजेच. आप्पांनी हे ताबडतोब मान्य केलं आणि ताबडतोब गाळलं. पॉलिएस्टर ओलावा धरतं अर्ध्या टक्क्याहूनही कमी. ७५ डेनियरमध्ये फरक पडून पडून अर्धा डेनियरही पडत नाही. पण व्हिस्कोसचा धागा दहा टक्क्यांहून जास्त ओलावा धरतो, तिथे हेच शब्द गाळले तर नोंद खोटी ठरेल. ‘पुस्तिका कशावर आहे?’ ‘पॉलिएस्टरवर.’ ‘मग गाळा. व्हिस्कोसची काढाल तेव्हा मला बोलवा.’

मला तेव्हा जाणवलं की आप्पा शब्द मोजत नाहीत. वस्तीत सगळ्यांना वाटतं की ते चिकट आहेत, शब्द खर्चायला जिवावर येतं. व्याकरणकारांबद्दल म्हणतात की सूत्रातली अर्धी मात्रा वाचली तर त्यांना मुलगा झाल्याचा आनंद होतो. आप्पांना तसा आनंद होताना मी पाहिलेला नाही. ते प्रत्येक शब्दाला एकच विचारतात: तुला काढलं तर कुणाचं नुकसान होईल? नुकसान झालं तर शब्द राहतो. कुणाचं ते मात्र आधी ठरलेलं पाहिजे. म्हणून एकाच संज्ञेची इंजिनिअरसाठीची नोंद वेगळी, व्यापाऱ्यासाठीची वेगळी आणि शिरपूरच्या पोरासाठीची वेगळी, आणि तिन्ही खऱ्या. साहेबांना हे पटायला वेळ लागला. त्यांच्या कॉलेजात व्याख्या एकच असायची आणि ती परीक्षेत तशीच्या तशी लिहायची असायची.

‘डेनियर’ शेवटी असं झालं: ‘संपूर्ण धाग्याच्या ९००० मीटर लांबीचं ग्रॅममधलं वजन. आकडा मोठा तितका धागा भरड; सुती काउंटच्या उलट.’

‘संपूर्ण’ कसा आला तेही सांगतो, कारण तो शब्द मीच फालतू समजून खोडला होता. आप्पांनी परत घातला. ‘पंच्याहत्तर छत्तीस’मध्ये ७५ हे सगळ्या ३६ फिलामेंटचं मिळून. एका फिलामेंटच्या वाट्याला येतं दोन डेनियरहून जरा जास्त. ‘पंच्याहत्तर बहात्तर’ घेतला तर डेनियर तोच, पण एकेक फिलामेंट निम्म्याने बारीक. पोराने दोन्ही डब्यांवर ७५ पाहिलं आणि बाण्यात एकाच्या जागी दुसरा लावला, तर ग्रे कापडावर काही दिसत नाही. रंगून आल्यावर दिसतं. बारीक फिलामेंटचा एकूण पृष्ठभाग जास्त, तो उजेड जास्त परतवतो, तेवढ्याच रंगात फिकट दिसतो. आणि ताक्यावर आडवा पट्टा उमटतो. ‘संपूर्ण’ वाचून पोराच्या मनात निदान प्रश्न तरी येतो, की अपूर्ण कुठला? मग तो ‘फिलामेंट’ची नोंद उघडतो. एका विशेषणाकडून याहून जास्त काय मागायचं!

सुरतेला कोशाचं वावडं नाही, हे आप्पा अभिमानाने सांगतात. कवी नर्मद याच शहरातला. त्याने गुजराती शब्दांचा ‘नर्मकोश’ जवळपास एकट्याने रचला आणि तो १८७३ साली पुरा छापून आला. आज सुरतेचं विद्यापीठ त्याच्या नावाचं आहे. विद्यापीठावरून बस गेली की आप्पा खिडकीतून नमस्कार करतात. एकदा मी म्हणालो, ‘आप्पा, एवढा मोठा कोश, त्याला दोन ओळींची सवय कशी असेल?’ ते म्हणाले, ‘शब्द हजारो होते. दोन ओळींनीच पुरे झाले.’

पुस्तिका छापायला जायच्या आदल्या आठवड्यात इंजिनिअरसाहेब बदललेले दिसले. आता त्यांना संक्षेपाची चटक लागली होती. त्यांनी ‘पट्टा’ या संज्ञेची नोंद स्वतः करून आणली आणि विजयी मुद्रेने आप्पांपुढे ठेवली: ‘कापडातला दोष.’ दोन शब्द! शोकसभेची बरोबरी.

आप्पांनी कागद परत केला. ‘वाढवा.’

साहेबांनी मला रात्री फोन केला. आवाज हादरलेला होता. ‘मास्तर, आप्पांची तब्येत बरी आहे ना?’

तब्येत उत्तम होती. कापडातला दोष म्हटल्यावर भोकही आलं, तेलाचा डागही आला, तुटलेला ताणाही आला. आप्पांनी दुसऱ्या दिवशी स्वतः नोंद लिहिली: ‘रंगाईनंतर कापडावर आडवी दिसणारी फिकट किंवा गडद रेघ. बाण्यात वेगळ्या डेनियरचा किंवा वेगळ्या फिलामेंट-संख्येचा धागा मिसळल्याने येते.’ सगळ्यांनी मान हलवली, पोरानेही. पुस्तिका डीटीपीवाल्याकडे गेली.

रात्री दहाला आप्पा माझ्या दारात. अंगावर बंडी, पायात काकूंची चप्पल. ‘मास्तर, “बहुधा” राहिलं.’ पट्टा धागा मिसळल्यानेच येतो असं नाही. बाण्याचा ताण मध्येच बदलला तरी येतो, धागा टेक्स्चर करताना त्याला उष्णता कमी-जास्त लागली तरी रंग वेगळा धरतो आणि येतो. पोराला पट्टा दिसला आणि डबे तपासून पाहिले तर सगळे सारखे निघाले, तर तो काय समजेल? की मालात दोष नाही, आणि माग चालूच ठेवील. ‘मिसळल्याने बहुधा येते’ म्हटलं तर तो डब्यांशी थांबणार नाही, मास्टरला बोलावील. आयुष्यात क्रियाविशेषणाच्या वाऱ्याला उभा न राहिलेला माणूस एका ‘बहुधा’साठी चपला बदलून रात्री गल्ल्या ओलांडत होता.

आम्ही दोघं डीटीपीवाल्याकडे गेलो. तो दुकान बंद करत होता. ‘बहुधा’ घातल्यावर नोंदीची ओळ वाढली आणि पानावरची शेवटची नोंद खाली घसरली. ‘जागा नाही, काका. एक शब्द काढा कुठलाही.’ आप्पांनी पान वरपासून खालपर्यंत पाहिलं. नोंदींतून एक अक्षर निघण्यासारखं नव्हतं. ते आधीच निघालेलं होतं. मग त्यांचं बोट पानाच्या तळाशी गेलं. तिथे चौकटीत वर्गाच्या शेठच्या मेव्हण्याची जाहिरात होती: ‘सर्व प्रकारच्या उत्तम व दर्जेदार बॉबिन, शटल, हील्ड, रीड इत्यादी मागाचे सुटे भाग योग्य व वाजवी दरात मिळतील.’

‘उत्तम’ राहिलं, ‘दर्जेदार’ गेलं. ‘वाजवी’ राहिलं, ‘योग्य’ गेलं. ‘इत्यादी’ आधीच गेलं होतं, ते कुठे गेलं हे मला दिसलंसुद्धा नाही. जाहिरात एका ओळीत बसली आणि ‘बहुधा’ वर सुखाने टेकलं.

पुस्तिका वाटल्यावर मेव्हण्यांचा फोन आला. पैसे पुरे दिलेत, शब्द कमी का? आप्पांनी फोन घेतला. पलीकडून बराच वेळ आवाज येत राहिला. आप्पा ऐकत राहिले. मग म्हणाले, ‘दर्जेदार नसलेलं एक उत्तम बॉबिन आणून दाखवा, शब्द परत घालतो,’ आणि फोन माझ्या हातात दिला.